सकाळी बोटं आखडतात: झीज की आमवात?

सांध्यांच्या झिजेत नखाजवळची पेरं टणक, गाठाळ होतात; ताठरपणा चहा होईपर्यंत, फार तर अर्ध्या तासात सुटतो. आमवाताचं तसं नाही. मुठीच्या उंचवट्यांचे आणि बोटांचे मधले सांधे सुजतात, दाबल्यावर मऊ लागतात, बहुधा दोन्ही हातांचे. तासाभरानंतरही कणीक मळता येत नाही, अंगठी निघत नाही. असं असेल तर महिनोन्‌महिने तेल चोळत बसू नका, संधिवाततज्ज्ञ गाठा. आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी आमवात असू शकतो (इथेच बरेच जण फसतात).

तोवर अंगठ्या काढा, सकाळी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात धरा, कपडे पिळणं दुसऱ्यावर सोपवा. वेदनाशामक गोळीने ठणका कमी होतो, सांध्याची हानी थांबत नाही. स्टेरॉइड मनाने घेऊ नका. एकच सांधा लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना.