हिरवं कापड, काही महिने वापरून: चकाकीने जीव खाल्ला, पण ठेवतोय

काल स्टँडचा आडवा पाइप मधोमध वाकला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे वॉरंटी फक्त कापडावर आहे. कापडाला वॉरंटी आणि लोखंडाला नाही, हे गणित कुणीतरी समजावा. तर रागात आहे तोवर लिहून टाकतो.

वापर सांगतो, वहिनींचे दहावीच्या गणिताचे व्हिडिओ, मोबाईलवर शूट, मागे नंतर आकृत्या टाकायच्या. कापड 6 बाय 9 फूट, पॉलिस्टर. रंग बरा आहे, सुरकुत्या स्टीम इस्त्रीने जातात आणि चारी बाजूंनी क्लिपा लावून ताणलं की उरलेल्याही दिसत नाहीत. सुरकुत्यांवरून लोक उगाच रडतात. खरा वैताग चकाकी! लाइट पडला की मधोमध पांढुरका डाग उठतो, तिथला हिरवा फिका होतो आणि की करताना, म्हणजे एडिटिंगमध्ये मागचा हिरवा रंग काढून टाकताना, एकतर तो डाग उरतो नाहीतर डाग घालवायच्या नादात वहिनींचे केस कुरतडले जातात. आठवडाभर परत करायच्या गोष्टी चालल्या होत्या, मग सहज उलटं करून लावलं तर मागची बाजू बऱ्यापैकी मंद निघाली. अर्धं भांडण तिथेच मिटलं. पाकिटावर एक ओळ छापायला काय जात होतं?

आता लाइट. कापडाचे वेगळे आणि माणसाचे वेगळे, हे नाही केलं तर बाकी काही करून उपयोग नाही. आमच्याकडे घरातल्याच दोन एलईडी बॅटन ट्यूब उभ्या करून कापडाच्या दोन्ही बाजूंना तिरक्या लावल्यात, आणि त्यांचा उजेड वहिनींच्या पाठीवर येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठे. उजेड सारखा पडलाय का ते डोळ्याला कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. मी मोबाईलचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावून रिकाम्या कापडाचा फोटो काढतो, सगळीकडे एकच करडा दिसला पाहिजे, कोपरा काळवंडला की ट्यूब सरकवायची. आणि कापड झगझगीत उजळायचं नाही, चेहऱ्याइतकं किंवा त्याहून जरासं कमीच. जास्त उजळलं की रंग फिका होतो, वर तोच हिरवा उजेड उलटून माणसावर पडतो.

हा उलटलेला उजेड म्हणजे स्पिल. हनुवटीखाली, कानामागे, खांद्याच्या कडेला हिरवट झाक येते. एडिटिंगमध्ये डीस्पिल आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी पिवळी साडी नेसवून बघा. डीस्पिल हिरवा कमी करतं, आणि पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही असतो, त्यामुळे हळदी रंगाची साडी नारिंगीकडे जाते. म्हणून शूटिंगलाच रोखायचं. वहिनी कापडापासून 6 फूट पुढे, त्यांच्यापुढे 5 फुटांवर मोबाईल, 12 फुटांची खोली संपली. तरी हनुवटी हिरवीच! कारण सापडलं जमिनीवर: फ्रेम कमरेपर्यंतची आणि 9 फुटांतलं उरलेलं कापड फरशीवर पसरलेलं, तेच खालून हिरवा उजेड फेकत होतं. ते गुंडाळलं, फ्रेमबाहेरच्या दोन्ही कडांवर जुना काळा पडदा टाकला. माणसाच्या मागे आहे तेवढंच हिरवं उघडं ठेवायचं, फ्रेमच्या कडांचा भाग एडिटिंगमध्ये मास्कने सरळ कापता येतो. या फुकटच्या उपायाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच सेटिंगने नाही पडला.

केसांच्या कडा मात्र अजून शंभर टक्के नाहीत, पण त्यात कापडाचा दोष नाही. मोबाईल रंगाची माहिती चार पिक्सेलला मिळून एकदाच नोंदवतो, त्यामुळे कड दातेरी येते. 4K मध्ये शूट करून व्हिडिओ 1080 मध्ये काढला की बरीच सुधारते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर हात हलला की कापडाची छटा बदलते आणि की पुन्हा लावत बसा.

आणि मंगळागौर. वहिनींच्या हातात हिरवा चुडा, व्हिडिओत मनगटाच्या जागी त्रिकोणमितीची आकृती. मी बांगड्यांचं नाव काढताच, "भावजी, चुडा उतरणार नाही, तुम्ही तुमचं कापड बदला." तेवढे व्हिडिओ उसन्या निळ्या कापडावर केले. निळ्याला उजेड जास्त लागला, कारण मोबाईलच्या सेन्सरवर हिरव्याच्या निम्मेच पिक्सेल निळ्याचे असतात, अंधारात लगेच दाणे दिसतात.

कापडाला पाचपैकी साडेतीन. स्टँडला शून्य, घेऊच नका, हार्डवेअरच्या दुकानातून पडद्याचा पाइप आणा आणि भिंतीत दोन ब्रॅकेट ठोका. घरमालकाला आधी विचारा.