टोपडं ठेवायचं की काढायचं? थंडीतल्या तान्ह्या बाळाचे कपडे

डिसेंबरात निफाडकडची थंडी भल्याभल्यांना गारठवते. त्याच दिवसांत भाची बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, २ किलो ९०० ग्रॅमची. दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "डोकं उघडं ठेवू नका." घरी आल्यावर भाचीच्या जावेने फोनवर सांगितलं, "झोपताना टोपी अजिबात नको, बाळ तापतं." आजीने तर कुंची शिवूनच ठेवली होती. कुणाचं ऐकायचं?

दोन्ही सल्ले खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळचे. जन्मल्याबरोबर बाळ ओलं असतं आणि त्याला कुडकुडून ऊब तयार करता येत नाही. त्याचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असल्यामुळे तिथूनच बरीच उष्णता निघून जाते. म्हणून पहिल्या दिवशी टोपडं हवंच. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवसांआधी जन्मलेल्या बाळाला ते पुढेही लागतं. कधीपर्यंत, ते त्याच्या डॉक्टरांनीच सांगावं. चांगल्या वजनाचं बाळ आठवड्याभराचं झालं, अंगावर पुरेसे कपडे असले आणि खोली उबदार असली की तेच डोकं उलट्या कामाला येतं. अंग जास्त तापलं तर उष्णता बाहेर टाकायला कपड्यांबाहेरची तेवढीच मोठी जागा उरलेली असते. ती टोपीने बंद केली की वाट बुजते. शिवाय झोपेत टोपी घसरून नाकातोंडावर येऊ शकते.

म्हणून माझं मत असं: बाहेर नेताना, अंघोळीनंतर केस वाळेपर्यंत आणि गार खोलीत जागं असताना मऊ सुती टोपडं घालावं. चांगल्या वजनाच्या बाळाला उबदार खोलीत झोपवताना ते काढावं. कुंची दिसायला गोड असते, कान आणि मानही झाकते, पण हनुवटीखालच्या बंदामुळे ती झोपेत नको. मांडीवर किंवा अंगणात कोवळ्या उन्हात घ्यायला ती छान. घरात शिरल्याशिरल्या टोपी आणि वरची शाल काढायला मात्र अनेक जण विसरतात, बाळ झोपलंय म्हणून हात लावत नाहीत. तिथूनच घामाची सुरुवात होते.

आता कपडे. एक जाड गोधडी बरी की पातळ कपड्यांचे दोन-तीन थर? मी थरांच्या बाजूने आहे. दोन कपड्यांच्या मधे हवा अडकते आणि तीच ऊब धरते, त्यामुळे दोन पातळ सुती कपडे एका जाड कपड्याची बरोबरी करतात. शिवाय रात्री दोन वाजता बाळ तापलं तर थरांपैकी एक काढता येतो. गोधडीचं तसं नाही, ती एकतर अंगावर असते नाहीतर नसते; आणि बाळाच्या हातापायांच्या चाळ्याने तोंडावर सरकली तर त्याला ती दूर करता येत नाही. अंगाला लागून सुती झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, पायांत मोजे आणि लागलं तर वरून स्वेटर. आजी स्वेटर विणणार असेल तर पुढून बटणांचा विणायला सांगा. डोक्यातून घालायचा स्वेटर झोपलेल्या बाळाचा काढता येत नाही. मोजे घालण्याआधी उलटे करून सुटे धागे कापा, कारण असा धागा बोटाभोवती आवळला जाऊ शकतो. दुपट्यात गुंडाळलं तर तोही एक थर धरायचा. दुपटं छातीपर्यंतच हवं, कमरेखाली सैल हवं आणि बाळ पाठीवरच झोपलेलं हवं.

किती थर? तुम्हाला त्या खोलीत जेवढे लागतात, त्याहून एक जास्त. तुम्ही नुसत्या सुती कपड्यात आरामात असाल तर बाळाला दोन पुरेत. तुम्ही स्वेटर घालून बसला असाल तर तीन. आणि कितीही थर असले तरी ओला लंगोट सगळ्यांवर पाणी फिरवतो. थंडीत कपडे वाढवण्याआधी लंगोट चाचपावा.

भाचीकडे माझ्या मुक्कामाच्या पहिल्या रात्री बनियन, झबलं, स्वेटर, लोकरी टोपी, कुंची, दुपटं आणि वर गोधडी असा थाट होता, शिवाय हीटर रात्रभर चालू. बारा दिवसांची पोर रात्री एक वाजता किरकिर करू लागली. हातपाय कोमट म्हणून आजी आणखी एक शाल शोधत होती. मी मानेमागे हात घातला तर मान घामाने ओली. काखेतलं तापमान ३७.८ अंश निघालं. डॉक्टरांना तेव्हाच फोन केला. त्यांनी दूध नीट पितेय का विचारलं आणि सांगितलं, जास्तीचे कपडे काढा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, ३७.५ च्या खाली आलं नाही तर लगेच घेऊन या. हीटर बंद केला, कुंची, टोपी, स्वेटर, गोधडी काढली. अर्ध्या तासाने ३७.१ झालं आणि ती शांत झोपली.

नुसत्या हातपायांवरून बाळ तापलंय की गारठलंय ते ठरवता येत नाही, ते एरवीही थोडे गारच असतात. पोट आणि मानेची मागची बाजू हाताच्या पालथ्या बाजूने पाहावी. पोट उबदार आणि पाऊल गुलाबी, कोमट असलं तर ठीक. पोट उबदार पण पावलं थंडगार असली तर बाळ ऊब राखायला झगडतंय, एक थर वाढवा. पोटही गार लागलं तर ते धोक्याचं. काखेत ३६.५ ते ३७.५ अंश ही योग्य पातळी.

दुसऱ्या रात्री हीटर झोपण्याआधी तासभर लावून बंद केला. पलंग बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून आत ओढला, कारण गार भिंत जवळ असली तरी बाळाची ऊब शोषली जाते. झबलं, पूर्ण बाह्यांचा कपडा, मोजे आणि दुपटं एवढंच घातलं. पहाटे चारला खोली १८ अंशांवर आली. पोट ठीक, पण पावलं थंडगार, काखेत ३६.४. हीटर पुन्हा लावावा असं सगळ्यांना वाटलं. त्याऐवजी भाचीने बाळाचे कपडे काढून नुसता लंगोट, टोपडं आणि मोजे ठेवले, तिला स्वतःच्या उघड्या छातीशी घेतलं, वरून शाल लपेटली आणि उशांना टेकून पाजलं. पाऊण तासात ३६.८. हीटर खोली तापवत राहतो, बाळ किती तापलं ते त्याला कळत नाही. आईच्या छातीशी तापमान बाळाच्या गरजेप्रमाणे राहतं. वडील किंवा आजीही असं घेऊ शकतात. घेणारं माणूस जागं मात्र हवं.

कोळशाची शेगडी बंद खोलीत नकोच. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि धूर बाळाच्या श्वासाला त्रास देतो. गरम पाण्याची पिशवी अंथरूण तापवायला चालेल, बाळाला ठेवण्याआधी ती काढायची.

तापमान ३८ किंवा वर गेलं तर कपडे काढून वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. कपडे कमी करूनही ३७.५ च्या खाली येत नसेल, किंवा छातीशी घेऊनही तासाभरात ३६.५ पर्यंत चढत नसेल तरी तेच. ३५.५ पेक्षा कमी असेल तर छातीशी धरूनच निघा. आणि बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल किंवा श्वास जोरात घेत असेल तर थर्मामीटरवर आकडा काहीही असो, निघायचं.