गुणगुणून पाठवावे की लिहून? कॅफेमालकाला गाण्याचे नाव विचारताना

कॅफेत ऐकलेल्या गाण्याचे नाव मालकाला ईमेलने विचारायचे असेल, तर चाल ओळखू यावी म्हणून ती गुणगुणून ध्वनिमुद्रण जोडता येते किंवा तिचे वर्णन शब्दांत लिहिता येते. पुण्यातील एका कॅफेला मी एकाच गाण्यासाठी हे दोन्ही केले. म्हणून पुढील तुलना एका अनुभवापुरतीच आहे, हे आधीच सांगतो.

गुणगुणलेली चाल पाठवणे स्वाभाविकपणे सोपे वाटते, कारण तसे करताना चालीला नाव देण्याची गरज पडत नाही आणि मनात घोळणारी गोष्ट जशीच्या तशी पोहोचली, असा आपला समज होतो. माझाही तसाच समज होता. पहिल्या ईमेलला मी वीस सेकंदांचे ध्वनिमुद्रण जोडले आणि चार दिवसांनी मालकांचे सौजन्यपूर्ण उत्तर आले, ज्यात दोन जुन्या दुःखी हिंदी चित्रपटगीतांची नावे होती. त्या संध्याकाळी मी तर शब्द नसलेले सॅक्सोफोनचे वादन ऐकले होते.

प्रथम मला मालकांचा राग आला, पण ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकल्यावर चूक माझ्याच गळ्याची निघाली. मूळ चालीत षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, पंचम आणि कोमल धैवत एवढेच स्वर होते. यातला धैवत शुद्ध केला की शिवरंजनी रागाचे स्वर होतात, आणि लहानपणापासून शिवरंजनीतील गाणी ऐकलेल्या माझ्या गळ्याने ते परस्पर करून टाकले होते. गळा ओळखीच्या वाटेने जातो आणि ऐकणाऱ्याला त्यातली शंका दिसत नाही. त्याला फक्त एक ठाम, चुकीची चाल ऐकू येते. मला निर्णायक ठरलेली अडचण हीच. सॅक्सोफोनचा आवाज आणि मागचा ठेका गुणगुणण्यात हरवतात, हे वेगळेच.

लिहिताना मात्र खात्री नसलेल्या जागी ‘बहुधा’ असे म्हणता येते. स्वरलेखन मी मुद्दाम टाळले, कारण सरगम वाचणारा कॅफेमालक विरळा. शिवाय मालकाला चाल ओळखायची नसते, त्याला यादीतले एक नाव शोधायचे असते, हे उशिरा लक्षात आले. चार मिनिटांचे एक गाणे धरले, तर दहा तासांत सुमारे दीडशे गाणी वाजतात, आणि बहुतेक संगीत ॲपमधील ऐकलेल्या गाण्यांची यादी गाण्यांचा क्रम दाखवते, मिनिटे दाखवत नाही. त्यामुळे वेळेइतकाच शेजारच्या गाण्याचा उल्लेख उपयोगी ठरतो. छापील बिलावरील घड्याळ काही मिनिटे मागेपुढे असू शकते. पैसे दिल्याचा यूपीआयचा संदेश अधिक भरवशाचा. दुसऱ्या ईमेलमध्ये मी असे लिहिले:

“शनिवारी संध्याकाळी आम्ही आपल्याकडे आलो होतो. ७ वाजून ५८ मिनिटांनी यूपीआयने पैसे दिले, तेव्हा हे गाणे चालू होते. त्याच्या लगेच आधी एक प्रसिद्ध इंग्रजी गाणे लागले होते, त्याचे नाव खाली दिले आहे. हव्या असलेल्या गाण्यात शब्द नाहीत. चाल सॅक्सोफोनवर संथपणे वाजते, चढताना एकाच स्वरावर दोनदा थांबते आणि मग झपकन खाली येते. ऐकताना भारतीय वाटते, पण बहुधा भारतीय नाही. त्या दिवशीच्या यादीत इंग्रजी गाण्याच्या पुढचे नाव कृपया पाहाल का?”

उत्तर त्याच रात्री आले. मालकांनी ते इंग्रजी गाणे शोधले, पुढची दोन गाणी थोडी थोडी वाजवून पाहिली आणि ‘झपकन खाली येते’ या शब्दांवरून दुसरे निवडले, कारण मधले एक मी बोलण्याच्या नादात ऐकलेच नव्हते. म्हणजे शेजारच्या गाण्याबाबत माझी स्मृती चुकली होती आणि चालीच्या वर्णनाने ती चूक सावरली. गाणे इथिओपियाचे निघाले. तेथील तिझिता या स्वररचनेच्या एका प्रकारात हेच पाच स्वर येतात, तर दुसऱ्या प्रकाराचे स्वर आपल्या भूप रागाचे आहेत.

ध्वनिमुद्रणाला अगदीच बाद करणे अन्यायाचे होईल. कॅफेत पेनड्राइव्ह किंवा रेडिओ लावत असतील, तर मागे यादीच राहत नाही, आणि मग काउंटरवरच्या एखाद्या गाणे जाणणाऱ्या मुलाला गुणगुणणे ऐकवण्यावाचून इलाज नसतो. आपला गळा माझ्यापेक्षा सच्चा असेल, तर ते अधिक लवकरही फळेल. तरीही जोडायचेच असेल, तर ते वर्णनाच्या खाली जोडावे आणि कोणत्या स्वराबद्दल शंका आहे ते शब्दांत लिहावे. माझ्या दुसऱ्या ईमेलला मी ते जोडले नव्हते आणि मालकांनीही मागितले नाही.