फ्लॅट बघायला जाण्याआधी कुत्र्याचं विचारायचं: फोनवर की मेसेजवर?

घरात कुत्रं आहे आणि सोलापुरात भाड्याने फ्लॅट शोधताय, तर जायच्या आधी मालकाला विचारायचंच, हे सांगायला नको. प्रश्न उरतो तो विचारायचं कसं. आमच्या देशी कुत्रीसाठी घर शोधताना मी दोन्ही रस्ते धरून पाहिले.

फोनची बाजू आधी. इथली माणसं फोनवर मोकळी बोलतात. चार वाक्यांत तुमचं गाव, नोकरी, घरात कोण कोण हे सगळं निघतं आणि ओळख झाली की नकारही सौम्य होतो. वयस्कर मालक मेसेज वाचतीलच असं नाही. शिवाय ‘कुत्रं आहे’ म्हटल्यावर पलीकडे किती वेळ शांतता पडते, त्यावरूनच बरंचसं कळतं.

पण फोनवर एक उत्तर हमखास मिळतं, आणि माझं मन तिथेच फिरलं: ‘या की, आधी घर तर बघा, मग बोलू.’ जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटचं असंच झालं. खाली राहणारे काका फोनवर ‘चालतंय की’ म्हणाले. आम्ही भर दुपारी उन्हातून गेलो. घर आवडलं, बायकोने पडद्यांची मापंही घेतली. मग कराराचा मसुदा आला, त्यात ओळ होती: ‘जागेत कोणताही पाळीव प्राणी ठेवता येणार नाही.’ फ्लॅट पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर होता आणि कुत्र्याचा विषय त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. काकांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे किल्ली एकाकडे आणि सही दुसऱ्याची, असं पुष्कळ घरांचं असतं. फोनवरचं बोलणं त्या दुसऱ्यापर्यंत जाईलच असं नाही, गेलं तरी निम्मंच जातं. मेसेज मात्र जसाच्या तसा पुढे पाठवता येतो.

अर्थात मेसेजमध्ये नुसतं ‘पेट्स चालतात का?’ एवढंच लिहिलं तर उपयोग नाही. मालकाच्या डोळ्यापुढे काय येईल ते सांगता येत नाही. अंगावर धावून येणारं कुत्रं आलं तर नकार येतो. पिंजऱ्यातला पोपट आला तर होकार येतो, आणि तो होकार आपल्या कामाचा नसतो. म्हणून मी पुढे असं लिहू लागलो:

‘नमस्कार काका. तुमच्या टू बीएचके फ्लॅटची जाहिरात पाहिली. आम्ही नवरा-बायको आणि आई, असे तिघं आहोत. सोबत एक देशी कुत्री आहे, चार वर्षांची, साधारण पंधरा किलोची. नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस दरवर्षी देतो, कार्ड दाखवेन. ती घरातच राहते, गच्चीवर किंवा जिन्यात एकटी सोडत नाही. तिच्यासाठी अंडी घरात उकडतो. ज्यांच्या नावावर फ्लॅट आहे त्यांची आणि सोसायटीची हरकत नसेल, तर रविवारी बघायला येऊ का? जमत नसेल तर निःसंकोच सांगा.’

गच्चीचा उल्लेख मुद्दाम आहे. उन्हाळ्यात तिथे पापड-कुरडया वाळत असतात, मालकिणीची पहिली शंका तीच असते. जिन्याचंही तसंच. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मग घाण झाली तर धुणार कोण आणि कशाने, हा प्रश्न रास्तच आहे. अंड्यांचं लिहिल्यामुळे काही शाकाहारी मालक तिथल्या तिथे नाही म्हणतात. म्हणोत. तेच सामान हलवल्यावर कळलं तर जास्त महागात पडतं.

कायद्याची भाषा मात्र पहिल्या मेसेजात नको. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे खरं आहे. पण ते झालं सोसायटीपुरतं. स्वतःचा फ्लॅट कोणाला द्यायचा ते मालक ठरवतो, आणि नियम दाखवणारा भाडेकरू त्याला सुरुवातीलाच नको वाटतो.

मेसेजचा तोटाही आहे. काही जण उत्तरच देत नाहीत. दोन दिवस वाट पाहून मी ते घर सोडून देतो. कोणाला हे घाईचं वाटेल, पण माझ्या अनुभवात अशा गप्प मालकांकडून पुढे होकार आलेला नाही. उत्तर देणारे बहुतेक प्रश्न विचारतात, ‘रात्री भुंकते का?’ वगैरे. प्रश्न आले की माणूस विचार करतोय असं मी धरतो.

मालक फक्त फोनवरच बोलणारे असतील तर बोला, पण ठेवल्याबरोबर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे, कुत्रीसह राहायला तुमची संमती आहे, पुण्याला मुलालाही कळवाल’ एवढं लिहून पाठवा. आणि अकरा महिन्यांच्या करारात ‘एक कुत्री ठेवण्यास संमती, तिच्यामुळे झालेलं नुकसान अनामत रकमेतून’ ही ओळ नोंदणीच्या आधी घालून घ्या. ती घालायला जो मालक कचरतो, त्याचा फोनवरचा होकार मी तरी धरत नाही.