आठ महिने ब्राउझरमध्ये थ्रीडी सीटी: टेक्निशियनचा अनुभव

इंदूरला आमच्या छोट्या सीटी सेंटरवर आठ महिन्यांपासून ब्राउझरमध्ये चालणारा थ्रीडी व्ह्यूअर वापरतोय. पीसी जुनाच, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. हाडाचा प्रीसेट लावला की कवटी हाताखाली लोण्यासारखी फिरते. त्वचा अर्धपारदर्शक केली की मात्र पंखा घुमायला लागतो आणि चित्र अडखळतं.

आधी वाटलं, पीसीच थकलाय. मग हिशोब केला. प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण डेटात शिरतो आणि दर ०.५ मिमीला नमुना घेतो. तिथल्या एचयू व्हॅल्यूला, म्हणजे सीटीने मोजलेल्या घनतेच्या आकड्याला, किती अपारदर्शकता द्यायची, हे ट्रान्सफर फंक्शन नावाची वक्ररेषा ठरवते. दर नमुना उरलेल्या प्रकाशातलाच तेवढा वाटा अडवतो; अशी साचलेली अपारदर्शकता ०.९५ झाली की पुढचं दिसणारच नाही म्हणून किरण थांबतो. दर नमुन्याला ०.३ असेल तर ९ नमुन्यांत काम आटोपतं, ०.०२ असेल तर १४९ लागतात. डोक्याआधीची हवा मात्र किरणाला तुडवावीच लागते, तिथे ही युक्ती कामाची नाही. थोडक्यात, पीसी बिचारा निर्दोष. वक्ररेषा मीच तशी ओढली होती.

त्याच रेषेने एकदा फसवलंही. बाइकवरून पडलेला मुलगा, गालाचं हाड मोडलेलं. माझी रेषा ३०० एचयूपासून वर चढत होती, आणि डोळ्याच्या खोबणीच्या तळाला चक्क भोक दिसत होतं. मी सरांना उत्साहाने दाखवलं. ते म्हणाले, "अरे, आधी कोरोनल बघ की." कोरोनलमध्ये, म्हणजे चेहऱ्याला समांतर उभ्या कापात, हाडाची बारीक रेघ सलग होती, चरबीही खाली सायनसमध्ये उतरलेली नव्हती. तो तळ कागदासारखा पातळ असतो. एकाच व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे डेटाच्या एका छोट्या ठोकळ्यात, हाडासोबत वरची चरबी आणि खालची हवा मिसळते, सरासरी ३००च्या खाली जाते आणि हाड गायब होतं. रेषा १५० वर आणली तर भोक बरंचसं भरलं, पण मऊ भागात गोंगाटाचे ठिपके उठले. तेव्हापासून थ्रीडीत भोक दिसलं की मी पातळ कापांचा डेटा पुन्हा लावतो आणि कोरोनल पाहिल्याशिवाय तोंड उघडत नाही.

एक तक्रार अजून आहे. फिरवताना वेग टिकावा म्हणून हा व्ह्यूअर दोन नमुन्यांमधली पायरी १ मिमी करतो, पण अपारदर्शकता तीच ठेवतो. दुप्पट पायरीला ०.३ चं ०.५१ व्हायला हवं (०.७ चा वर्ग ०.४९, तो १ मधून वजा). ते होत नाही, म्हणून फिरताना हाड विरघळल्यासारखं फिकं दिसतं आणि थांबलं की पुन्हा घट्ट होतं. सर्जनना पाठवायचा स्क्रीनशॉट मी माउस सोडून, चित्र स्थिरावल्यावरच घेतो.