स्टिकरखालचं २०११ : घरखरेदीच्या पुस्तकांवर विसंबून आमचे साडेदहा लाख कसे अडकले

पहिलं घर घेण्याआधी नीट अभ्यास करायचा, असं मी आणि माझ्या नवऱ्याने ठरवलं होतं. आमच्या दोन्ही घरांत फ्लॅट घेतलेलं कुणी नाही. माझे वडील आयुष्यभर क्वार्टर्समध्ये राहिले, सासरचं घर गावाकडचं, वडिलोपार्जित. विचारायचं तरी कुणाला? म्हणून गेल्या वर्षी जुलैमध्ये पुण्यातल्या एका प्रॉपर्टी प्रदर्शनात पुस्तकांचा स्टॉल दिसला, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. तीन पुस्तकांचा संच होता : गृहकर्ज, कागदपत्रे आणि करारनामा. किंमत दीड हजार. वर सोनेरी गोल शिक्का, 'नवीन सुधारित आवृत्ती'.

स्टॉलवरचा माणूस चाळिशीचा, बोलायला फार गोड. "ताई, लोक पन्नास लाखांचं घर घेतात आणि दीड हजाराचं पुस्तक घेत नाहीत," असं म्हणाला. आम्हाला ते पटलं. त्याने व्हिजिटिंग कार्ड दिलं, त्यावर 'गृहकर्ज सल्लागार' असं लिहिलं होतं. पुस्तकांची पावती मागितली तर म्हणाला, "दादा, व्हॉट्सॲपवर टाकतो." ती आजपर्यंत आलेली नाही.

संच आम्ही मन लावून वाचला. पेन्सिलने खुणा केल्या, समासात आकडे मांडले. त्यातल्या दोन गोष्टींवर आमचा सगळा हिशेब उभा होता. कर्जाच्या पुस्तकात होतं की बँक घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरते आणि त्या एकूण रकमेच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज देते. करारनाम्याच्या पुस्तकात होतं की बुकिंगला २० टक्क्यांपर्यंत रक्कम घेण्याचा बिल्डरला कायद्याने अधिकार आहे, करारनामा त्यानंतर होतो.

त्याच माणसाने पुढच्या रविवारी आम्हाला एक साइट दाखवली. बांधकाम चालू होतं, सातव्या मजल्यावरचा टू बीएचके, किंमत ५२ लाख. सोबत त्याने खर्चाची चिठ्ठी काढून दिली : मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ३ लाख ६४ हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ५ टक्क्यांनी २ लाख ६० हजार. सगळं मिळून ५८ लाख ५४ हजार. पुस्तकाप्रमाणे त्याचे ८५ टक्के म्हणजे कर्ज साधारण पावणेपन्नास लाख, आणि पदरचे पावणेनऊ. आमच्याकडे दोघांची मिळून ११ लाखांची शिल्लक होती. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तो हिशेब तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो जमला.

सेल्स ऑफिसमध्ये २० टक्के, म्हणजे १० लाख ४० हजार मागितले. नवऱ्याने विचारलं, "एवढे? आणि करारनामा?" सल्लागार शेजारीच बसला होता. तो हसून म्हणाला, "दादा, तुम्ही तर पुस्तक वाचलंय ना? वीस टक्के कायदेशीर आहे. करारनामा कर्ज मंजूर झालं की लगेच." आम्ही गप्प बसलो, कारण आम्ही खरंच ते वाचलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चेक दिला, बुकिंग फॉर्मवर सह्या केल्या आणि अलॉटमेंट लेटर घेऊन आलो. सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं.

बँकेत फाइल गेली आणि सगळं उलटलं. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्क्यांची आहे, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी घराच्या किमतीत धरायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. आमच्या बँकेने जीएसटीही धरला नाही. म्हणजे कर्ज ५२ लाखांच्या ८० टक्के, ४१ लाख ६० हजार. पदरचे लागणार होते १० लाख ४० हजार आणि वरचे ६ लाख ५४ हजार, एकूण जवळपास १७ लाख. आमच्याकडचे ११ होते आणि त्यातले साठ हजार सोडून सगळे बिल्डरकडे गेले होते. नातेवाइकांकडे हात पसरून बघितले, पर्सनल लोनची चौकशी केली, त्यात सप्टेंबर संपला. बँकेच्या पॅनेलवरच्या वकीलबाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "वीस टक्के भरलेत, मग नोंदणीकृत करारनामा कुठे आहे?" अजून झाला नाही, असं मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दहा टक्क्यांच्या वर एक रुपयाही घेता येत नाही करारनामा नोंदवल्याशिवाय. रेरा कायद्याचं कलम १३. तुम्हाला वीस कुणी सांगितलं?"

त्या रात्री मी करारनाम्याचं पुस्तक पुन्हा काढलं. मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर, जिथे प्रकाशनाची माहिती असते, तिथे 'सुधारित आवृत्ती' आणि गेल्या वर्षीचं साल छापलेली पांढरी पट्टी होती. बोट फिरवलं तर कडा जाणवली. पान ट्यूबलाइटसमोर धरलं. पट्टीखाली स्पष्ट दिसत होतं : प्रथम आवृत्ती २०११. तिन्ही पुस्तकांत तसंच.

मग आम्ही ती पुस्तकं दुसऱ्या नजरेने वाचली आणि खुणा पानोपानी सापडत गेल्या. करांच्या प्रकरणात सेवा कर आणि व्हॅट होते. जीएसटी जुलै २०१७ मध्ये आला, म्हणजे मजकूर त्याआधीचा. क्षेत्रफळ सगळीकडे सुपर बिल्ट-अपमध्ये मोजलेलं. रेरा लागू झाल्यापासून व्यवहार कार्पेट एरियावर करायचा असतो. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा मिळाल्यापासून ३ वर्षं असं लिहिलेलं. ती मोफा या १९६३ च्या कायद्यातली मुदत, रेरात ती ५ वर्षं आहे. आगाऊ रकमेचे २० टक्केही मोफातलेच. परिशिष्टातल्या नमुना करारनाम्यात प्रकल्पाच्या महारेरा नोंदणी क्रमांकाला जागाच नव्हती, कारण रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, म्हणजे महारेरा, तेव्हा नव्हतंच. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर छापलेलं होतं, आम्ही त्याखाली पेन्सिलने रेघाही ओढल्या होत्या.

पुस्तक जुनं असणं हा गुन्हा नाही. लिहिणाऱ्याने २०११ मध्ये बहुधा प्रामाणिकपणे लिहिलं असेल. पट्टी चिकटवणाऱ्याने फसवलं, आणि तो माणूस पुस्तकविक्यासुद्धा नव्हता. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी शोधता येते. त्यात त्याचं नाव नव्हतं, कार्डावर एजंटचा नोंदणी क्रमांकही नव्हता. सेल्स ऑफिसमधल्या मुलीने मात्र बोलता बोलता सांगून टाकलं की आमचं बुकिंग त्याच्या खात्यावर आहे आणि त्याचं कमिशन निघालंय. करारनाम्याआधी २० टक्के भरायला आम्ही तयार व्हावं, एवढ्यासाठी तो संच आमच्या हातात दिला होता, असं मला आज वाटतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही बुकिंग रद्द करण्याचं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. बिल्डरच्या मॅनेजरने बुकिंग फॉर्ममधलं अकरावं कलम दाखवलं : रद्द केल्यास एकूण किमतीच्या १० टक्के जप्त. म्हणजे ५ लाख २० हजार. सही आमचीच होती.

इथे आम्हाला पहिल्यांदा योग्य कागद वाचायला मिळाला. मावसकाकांच्या ओळखीतल्या एका वकिलांनी महारेराचा अलॉटमेंट लेटरचा नमुना काढून दिला. त्यात बुकिंग रद्द केल्यावर किती कापायचं ते दिवसांवर ठरवलेलं आहे. लेटर मिळाल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीच नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, ६१ व्या दिवसापासून २ टक्के. बाकी रक्कम ४५ दिवसांत परत. आमचं पत्र साठ दिवस उलटून गेल्यावरचं होतं. पहिल्या पंधरवड्यात बँकेत नुसती विचारणा केली असती, तर सगळे पैसे हातात आले असते. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

आम्ही ५ हजार रुपये शुल्क भरून महारेराकडे ऑनलाइन तक्रार केली. सोबत चेकची प्रत, अलॉटमेंट लेटर आणि करारनामा नसताना २० टक्के घेतल्याचं बँकेचं स्टेटमेंट जोडलं. कलम १३ मोडल्यास बिल्डरला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मॅनेजरला आमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. अकरावं कलम त्यानंतर पुन्हा निघालं नाही. प्रकरण सलोखा मंचाकडे गेलं आणि तिथे २ टक्के, म्हणजे १ लाख ४ हजार कापून ९ लाख ३६ हजार परत देण्याचं ठरलं. ते दोन चेकने आले, दुसरा मे महिन्यात. आमचे नऊ महिने आणि लाखभर रुपये गेले ते गेलेच.

पुस्तकं घेऊ नका असं मी म्हणणार नाही, आम्ही पुन्हा घेतली आहेत. पण आता दुकानात उभ्या उभ्या प्रकाशनाचं पान आधी बघतो. 'पुनर्मुद्रण' म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला, मग साल कितीही ताजं असो. 'सुधारित आवृत्ती' असेल तर सुधारलं काय, ते प्रस्तावनेत सापडलं पाहिजे. मग तीन जागा उघडायच्या : करांचं प्रकरण, बुकिंगची रक्कम आणि दोषांची मुदत. जीएसटी, १० टक्के आणि ५ वर्षं दिसली नाहीत, तर पुस्तक परत ठेवायचं. बरोबर असलेल्या पुस्तकातले कर्जाचे आणि शुल्काचे आकडेसुद्धा लवकर शिळे होतात. चेक फाडण्याआधी बँकेकडून लेखी विचारून घ्या : कर्ज नेमकं कोणत्या रकमेवर देणार आणि वरचं किती खिशातून.

करारनाम्यासाठी तर पुस्तकातल्या नमुन्याची गरजच नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांसोबत करारनाम्याचा नमुना जोडलेला आहे, आणि बिल्डरने वापरायचा मसुदा महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर चढवलेला असतो. आता आम्ही एक दुसरा फ्लॅट बघतोय. सेल्स ऑफिसने दिलेला मसुदा आणि संकेतस्थळावरचा मसुदा शेजारी ठेवून नवरा मोठ्याने वाचतो, मी दुसऱ्यात ओळीवर बोट ठेवून ताळा बघते. दोन संध्याकाळी लागल्या. ताब्याच्या तारखेत सहा महिन्यांचा फरक निघाला.

नोंदणी नसलेल्या एजंटविरुद्धची आमची तक्रार अजून चालू आहे. तीन पुस्तकांचा, सोनेरी शिक्क्याचा असा संच तुमच्याकडे असेल, तर ती पांढरी पट्टी सोलू नका. पान उजेडासमोर धरून फोटो काढा, आणि पुस्तकासोबत मिळालेलं कार्ड जपून ठेवा.