एकमेकांना गोल फिरून हरवणारे फासे: तीन संचांतला कोणता करावा?

पार्ल्याच्या एका शाळेत गणिताचं प्रदर्शन आहे. तिथल्या बाईंनी मला एका छापील पानाचा फोटो पाठवून विचारलं, ‘यातला कुठला संच करू?’ पानावर नॉन-ट्रान्झिटिव्ह फाशांचे तीन संच आहेत. तिन्हींतली गंमत एकच. पहिला फासा दुसऱ्यावर भारी पडतो, दुसरा तिसऱ्यावर, आणि शेवटचा फिरून पहिल्यावर. समोरच्याने कुठलाही उचलला तरी त्याच्यापेक्षा सरस एक उरतोच.

पहिला संच तीन फाशांचा. लाल फाशावर २, ४, ९, निळ्यावर १, ६, ८ आणि हिरव्यावर ३, ५, ७. प्रत्येक आकडा दोन-दोन बाजूंवर. पंधरा बेरजेच्या जादूच्या चौरसातल्या या तीन आडव्या ओळी आहेत, त्यामुळे प्रत्येक फाशाची बेरीज ३० आणि सरासरी ५. शेजारी छापलेला तक्ता असा:

| | लाल | निळा | हिरवा |
|---|---|---|---|
| लाल | – | २० | १६ |
| निळा | १६ | – | २० |
| हिरवा | २० | १६ | – |

दोन फाशांच्या बाजूंच्या ३६ जोड्या होतात. त्यांपैकी किती जोड्यांत एक फासा जिंकतो, तो आकडा त्या घरात. पण फोटोत वरचा मथळा कापला गेलाय, त्यामुळे आडवी ओळ जिंकते की उभी, हे कळत नाही. उलटं वाचलं तरी चक्र चक्रच राहतं, फक्त दिशा बदलते आणि तुम्ही दर वेळी नेमका हरणारा फासा उचलता. तक्त्याकडे कितीही बघा, ही चूक त्यातून सापडणार नाही. एक घर हाताने मोजावंच लागतं. लालचा २ निळ्याच्या १ ला हरवतो, ४ सुद्धा फक्त १ ला, आणि ९ तिघांनाही. नऊपैकी पाच, म्हणजे ३६ पैकी २०. लालच्या ओळीत निळ्याखाली २० आहे, तेव्हा आडवी ओळ जिंकणारी.

दुसरी अडचण चकाकीची. बाईंच्या फोटोत लालच्या एका ९ वर ट्यूबलाइट पडलीय, डावीकडचा बाक दिसत नाही आणि तो १ वाटतो. तसा वाचला तर लाल निळ्यावर फक्त १४ जोड्यांत जिंकतो, २० मध्ये हरतो आणि २ बरोबरीत सुटतात. हिरवा लालवर २६ जोड्यांत जिंकतो. झालं, चक्र संपलं: निळा पहिला, हिरवा दुसरा, लाल शेवटचा. एका आकड्याने एवढा घोळ होतो. तो पकडायला दोन खुणा पुरतात. एक, लालची बेरीज ३० ऐवजी २२ येते. दुसरी, या संचात कुठलाच आकडा दोन फाशांवर नाही, तेव्हा बरोबरी दिसली की वाचनातच गडबड आहे.

आता हे चक्र फिरतं कशामुळे? लाल आणि निळ्याचे जिंकण्या-हरण्याचे फरक मांडून बघा. लाल पाच वेळा जिंकतो ते १, ३, ८, ३, १ अशा फरकांनी, बेरीज १६. चार वेळा हरतो ते ४, ६, २, ४ ने. बेरीज पुन्हा १६. दोघांची सरासरी सारखीच, मग हे जमणारच. पण आपला नियम फरक मोजत नाही, फक्त कोण वर ते बघतो. निळा मोजक्या वेळा मोठ्या फरकाने जिंकतो आणि त्याचं त्याला काही मिळत नाही. हिरव्यासमोर फरकांची वाटणी वेगळी पडते, तिथे निळाच पाच वेळा वर येतो. म्हणजे ‘भारी’ हा एका फाशाचा गुण नाहीच, तो त्या जोडीचा आहे. जोडी बदलली की नवा हिशोब. एखादं पोर ‘मग पहिला नंबर कुणाचा?’ विचारेल, त्याला हे फरक फळ्यावर लिहून दाखवावेत. नऊ घरांत सगळं मावतं, म्हणून वर्गात शिकवायला या संचासारखा दुसरा नाही.

स्टॉलवर मात्र तो दगा देतो. २१ फेक्यांचा सामना लावला तर सरस फासा साधारण सत्तर टक्केच वेळा जिंकतो. गर्दीसमोर दहातले तीन प्रयोग फसले की लोक हसून पुढच्या स्टॉलवर जातात.

दुसरा संच अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांचा, चार फाशांचा. पहिल्यावर चार बाजूंना ४ आणि दोन बाजूंना ०. दुसऱ्यावर सगळीकडे ३. तिसऱ्यावर दोन ६ आणि चार २. चौथ्यावर तीन ५ आणि तीन १. प्रत्येक जण पुढच्यावर तीनपैकी दोनदा जिंकतो. २१ फेक्यांत सरस फासा जवळजवळ ९५ टक्के वेळा बाजी मारतो. तीन फाशांनी एवढं जमत नाही. तिन्ही जोड्यांत ६२ टक्क्यांपलीकडे जाताच येत नाही. चार फाशांची कमाल मर्यादा दोन-तृतीयांश, आणि एफ्रॉननी ती गाठलेली आहे.

त्याच्या खोडी दोन. समोरासमोरच्या जोड्यांत दम नाही: दुसरा आणि चौथा तर अगदी बरोबरीत. त्यामुळे पाहुण्याने उचललेल्याच्या नेमका आधीचा फासा घ्यावा लागतो, ‘कुठला तरी दुसरा’ चालत नाही. आणि सगळीकडे ३ असलेला फासा बघून मुलं लगेच ‘हा कसला फासा?’ म्हणतात. मला तो प्रश्न हवाच असतो. तिसऱ्या फाशाची सरासरी सगळ्यांत जास्त, ३.३३, तरी हा ठोंब्या त्याला हरवतो.

तिसरा संच पुन्हा तिघांचा: पाच ३ आणि एक ६, तीन २ आणि तीन ५, एक १ आणि पाच ४. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर ३६ पैकी २१ जोड्यांत जिंकतो, आणि तिसरा पहिल्यावर तब्बल २५ मध्ये. याची खरी करामत दोन-दोन फासे टाकून बेरीज घेतली की दिसते: चक्र उलटं फिरतं. तिसऱ्याच्या दोन फाशांची बेरीज ८ पहिल्याच्या ६ ला हरवते, पण दोन्ही चौके आणि दोन्ही तिये एकदम यायची शक्यता ५० टक्क्यांच्या किंचित खाली उतरते, ४८.२ वर. बाकीच्या दोन जोड्या ५९ टक्क्यांनी उलटतात. मात्र त्या उलटलेल्या ५२-४८ च्या जोडीवर स्टॉलवर पैज लावू नये. ती दिसायला दुपार जाईल. हा संच ज्यांना एकेरी खेळ आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी, आणि फासे सहा लागतात.

बाईंना मी एफ्रॉनचा संच सांगितला. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर साधे फासे आणि गोल स्टिकर घ्यायचे, शून्याची बाजू कोरी न ठेवता त्यावर ० लिहायचं, नाहीतर स्टिकर निघालाय असं वाटतं. चौघांना चार रंग द्यायचे आणि टेबलावर ते चक्राच्याच क्रमाने गोल मांडायचे, म्हणजे पाहुण्याने उचललेल्याच्या आधीचा कुठला, हे स्टॉलवरच्या मुलाला पाठ करावं लागणार नाही.